शाखेतून बदली झालीय, ग्राहकांना निरोपाचा मेसेज कसा लिहू?

प्रश्न: सर, परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ब्रँच मॅनेजर आहे. बदलीची ऑर्डर आलीय, पुढच्या आठवड्यात रिलीव्ह होतोय. ग्राहकांना व्हॉट्सॲपवर निरोपाचा मेसेज टाकायचाय, पण जे लिहितोय ते एकतर नोटीससारखं वाटतंय नाहीतर निवडणूक जिंकल्यावरच्या आभारासारखं. काय लिहावं, काय टाळावं?

उत्तर:

तुमचा मेसेज उघडल्या उघडल्या माणूस तुमच्या भावना वाचत नाही, तो त्यात स्वतःचं काम शोधतो. साहेब चालले म्हणजे माझ्या फाईलचं काय, माझ्या लिमिटचं काय, जूनमध्ये कर्ज नवं-जुनं करायचंय ते नवीन साहेब करतील का, हे त्याच्या डोक्यात आधी येतं आणि मग जमलं तर तुमची आठवण. म्हणून मी माझ्या हाताखालच्या पोरांना कायम सांगत आलो की निरोपाचा मेसेज हा चार्ज देण्याचाच शेवटचा भाग आहे असं समजा. तसं धरलं की काय लिहायचं आणि काय नाही ते आपोआप सुचतं, आणि नोटीस की आभार हा घोळही राहत नाही.

मी सगळी नोकरी आपल्या मराठवाड्यातच केली, लातूर, हिंगोली, बीड, त्यामुळं जे सांगतोय ते इथल्या ग्राहकाला धरून. पुण्या-मुंबईच्या शाखेत मॅनेजर बदलला हे निम्म्या खातेदारांना वर्षभर कळत नाही, इथं मात्र ऑर्डर तुमच्या मेलवर यायच्या आधी समोरच्या टपरीवर चर्चा सुरू होते की साहेब कुठं चाललेत आणि येणारा कसा आहे.

पहिलं म्हणजे वेळ. ३१ मार्चचं क्लोजिंग झालं की बदल्यांचा सीझन, एप्रिल ते जून, आणि नेमकी हीच इथली पीककर्जाची धांदल. ऑर्डर आली म्हणून लगेच मेसेज टाकू नका. ऑर्डर बदलते, कधी तुमच्या जागेवरचा माणूस येईपर्यंत रिजनल ऑफिस सोडत नाही, आणि एकदा निरोप घेऊन परत पंधरा दिवस त्याच खुर्चीत बसलं की रोज येणारा प्रत्येक जण विचारतो, "साहेब अजून गेले नाहीत का?" त्याहून वाईट म्हणजे मेसेज लवकर गेला की दुसऱ्या दिवसापासून केबिनबाहेर रांग लागते, "साहेब, तुम्ही जायच्या आधी आमचं तेवढं करून जा". त्यात खरे गरजू असतात तसे नवीन साहेबाकडं आपली डाळ शिजणार नाही हे ओळखून आलेलेही असतात. आणि जाता जाता शेवटच्या आठवड्यात केलेल्या मंजुऱ्या ऑडिटवाला सगळ्यात आधी काढून बघतो, हे तुम्हाला सांगायला नको. तर मेसेज शेवटच्या एक-दोन कामाच्या दिवसांत, शक्यतो नवीन मॅनेजर रुजू होऊन तुम्ही दोघं एकत्र बसलात की मग. अजून कुणी आलं नसेल तर "सध्या शाखेचं काम सहाय्यक व्यवस्थापक बघतील" एवढंच लिहा.

आता मुख्य मुद्दा, आणि हाच बहुतेकांकडून राहतो. चार्ज देताना आपण रोकड मोजतो, तिजोरीच्या किल्ल्या देतो, सोनेतारणाची पाकिटं एकेक करून टॅली करतो, कर्जाची कागदपत्रं मोजून रजिस्टरवर दोघांच्या सह्या होतात. पण तुम्ही तोंडी जे बोललेलं असतं ते कुठल्याच रजिस्टरात नसतं. "पुढच्या वर्षी बघू की", "तुम्ही एवढे हप्ते नीट भरा, मग वाढवून देतो", "कागद आणून द्या, करून टाकू". आपल्याला ते बोलणं वाटतं, ग्राहकाला तो शब्द वाटतो. नवीन मॅनेजरवर तुमच्या तोंडी शब्दाचं काहीच बंधन नाही, आणि नसायलाच पाहिजे, पण भांडण मात्र त्याच्याच केबिनमध्ये होतं. म्हणून सगळ्यांना जाणारा मेसेज लिहायच्या आधी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगायचं काम उरकायचं असतं. एका संध्याकाळी स्वतःच्या फोनमधले गेल्या दोन-तीन महिन्यांचे कॉल आणि चॅट खाली खाली करत जा आणि एका कागदावर नावं काढा, कोणाची फाईल अर्धवट आहे, कोणाची कुठली तारीख जवळ आलीय आणि कोणाला आपण काय बोललोय. कर्जाचं सॉफ्टवेअर पहिल्या दोन गोष्टी सांगेल, तिसरी फक्त तुमच्या फोनमध्ये नाहीतर डोक्यात आहे.

एक उदाहरण घेऊन दाखवतो म्हणजे नेमकं काय करायचं ते लक्षात येईल. समजा तुमच्याकडं एक कृषी सेवा केंद्र आहे, बी-बियाणं, खत, औषधं. दहा लाखांची कॅश क्रेडिट लिमिट, रिन्यूअल जूनमध्ये. दुकानदार चांगला माणूस, खातं हलतं असतं, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो, आणि दिवाळीच्या आसपास तो केबिनमध्ये बसला असताना तुम्ही म्हणून गेलात की येत्या जूनला पंधरा करू. तो तेवढं धरून बसलाय, कंपनीच्या माणसाला त्यानं बियाण्याची जास्तीची ऑर्डर पण सांगून ठेवलीय, कारण मृग लागला की महिनाभरातच त्याचा मोठा धंदा होतो.

आता जायच्या आधी हिशोब घालून बघा. छोट्या धंद्याला खेळतं भांडवल देताना आपण उलाढालीची पद्धत वापरतो, म्हणजे वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले ५ टक्के मालकाचे आणि २० टक्के बँकेचे. दहा लाखांच्या लिमिटला म्हणजे पन्नास लाखांची विक्री दिसली पाहिजे आणि पंधरा लाखांना पंच्याहत्तर लाखांची. त्याचे जीएसटी रिटर्न काढले तर गेल्या वर्षीची विक्री चोपन्न लाख निघाली. येत्या वर्षी पंधरा टक्के वाढ धरली, जी पाऊस बरा झाला तर पटण्यासारखी आहे, तरी बासष्ट लाखांच्या आसपास जाते, आणि त्याचे वीस टक्के म्हणजे बारा लाख चाळीस हजार. म्हणजे तुम्ही बोललेले पंधरा कागदावर बसतच नाहीत, तुम्ही तिथंच असता तरी बसले नसते. फरक एवढाच, की तुम्ही असता तर त्याला समोर बसवून समजावलं असतं, आता नवीन माणूस बारा म्हणेल आणि दुकानदार गावभर सांगेल की "जुन्या साहेबांनी पंधरा कबूल केले होते, यांनी आडवे घातले".

म्हणून त्याला जायच्या आधी बोलवायचं किंवा फोन करायचा, आकडे त्याच्यासमोर मांडायचे, रिन्यूअलचा आणि वाढीचा अर्ज त्याच्या सहीनं लेखी घ्यायचा, इनवर्डचा शिक्का मारून पोच द्यायची, आणि फाईलमध्ये तुमची एक साधी नोट टाकायची की उलाढालीच्या हिशोबानं इतकी वाढ दिसते, एवढे कागद आलेत, एवढे यायचेत. "मंजूर करावे" अशी शिफारस त्या नोटमध्ये नको, तो निर्णय पुढच्याचा. आणि मग त्याला एकट्याला मेसेज पाठवायचा, साधारण असा:

"भाऊ, तुमच्या लिमिट रिन्यूअलचा अर्ज काल शाखेत जमा झालाय, पोच तुमच्याकडं आहे. विक्रीच्या आकड्यावरून बारा लाखांच्या आसपास बसतंय हे आपण बोललो, पंधराचं माझं आधीचं बोलणं आता धरू नका. या वर्षीचं इन्कम टॅक्स रिटर्न आणि मे महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट द्यायचं राहिलंय, ते द्या. पुढचा निर्णय नवीन मॅनेजर साहेब घेतील, फाईलमध्ये सगळं लिहून ठेवलंय."

यात गोड काही नाही, पण त्या माणसाला तुमच्याकडून हाच निरोप पाहिजे होता. तो लगेच कंपनीच्या माणसाला फोन करून ऑर्डर कमी करेल किंवा वरच्या पैशाची दुसरी सोय बघेल, आणि जूनमध्ये ऐनवेळी अडकणार नाही. असे मेसेज सगळ्यांना लागत नाहीत. तालुक्याच्या शाखेत फार तर पंधरा-वीस जण निघतात, एक-दोन संध्याकाळी होऊन जातात.

पीककर्जवाल्यांचं वेगळं आहे, ते संख्येनं जास्त आणि प्रत्येकाला वेगळा मेसेज शक्य नाही. त्यांच्यासाठी एकच गोष्ट पोचली पाहिजे, की मॅनेजर बदलला तरी भरण्याची तारीख बदलत नाही. तुम्ही म्हणाल हे काय सांगायचं, पण मी बघितलंय, साहेब गेले की पारावर बातमी फिरते की नवीन साहेब सगळं नव्यानं करणारेत, तोवर भरू नका. त्यात कुणीतरी कर्जमाफीचं पिल्लू सोडून देतो. आणि यात नुकसान शेतकऱ्याचंच होतं. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, आणि उचल केल्यापासून ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त वर्षाच्या आत भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्के पडतं. समजा १२ जूनला दीड लाख उचलले. पुढच्या ११ जूनपर्यंत भरले तर वर्षाचं व्याज सहा हजार, तारीख चुकली की साडेदहा हजार, म्हणजे चार-आठ दिवसांच्या आळसाला साडेचार हजार. वरून तारखेनंतरच्या दिवसांना बँकेचा नेहमीचा दर लागतो तो वेगळा. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे तीसुद्धा वेळेत भरणाऱ्यालाच. तेव्हा मेसेजमध्ये एक ओळ तारखेची टाका, आणि कर्जमाफीबद्दल एक अक्षर लिहू नका, "माफी येणार नाही" असंसुद्धा नको, कारण त्याचा स्क्रीनशॉट निघतो आणि तुम्ही नवीन गावी पोचायच्या आत कुठल्यातरी ग्रुपवर बँकेच्या नावानं फिरायला लागतो.

बचत गटाच्या ताईंना मेसेजवर सोडू नका. एक तर गटाचा व्यवहार अध्यक्ष-सचिव बघतात आणि फोन बऱ्याचदा घरातल्या पोराकडं असतो. उमेदच्या सीआरपी ताईंना एक फोन केला की सगळ्या गटांत निरोप जातो.

आता सगळ्यांच्या मेसेजमध्ये जी ओळ मी सगळ्यात महत्त्वाची मानतो ती फसवणुकीची. जरा विचार करा, तुम्ही काय जाहीर करताय? अमुक शाखेचा अमुक मॅनेजर अमुक तारखेला चाललाय आणि नवीन माणूस येतोय ज्याचा आवाज अजून कुणी ऐकलेला नाही. चोराला याच्यापेक्षा तयार माल काय पाहिजे. तो फोन करतो, "नमस्कार, मी तुमच्या शाखेचा नवीन मॅनेजर बोलतोय, आधीच्या साहेबांनी तुमचं केवायसी अर्धवट ठेवलंय, खातं बंद पडेल, मी एक फाईल पाठवतो ती इन्स्टॉल करा". आपल्याकडं ती फाईल बहुतेक वेळा पीएम किसानच्या नाहीतर बँकेच्या नावाची एपीके असते, एकदा मोबाईलमध्ये बसली की येणारे ओटीपी परस्पर तिकडं जातात. ग्राहकाला तुमच्या बदलीची बातमी खरी आहे हे माहीत असतं, म्हणून फोनही खराच वाटतो. गावातला मुरलेला व्यापारीसुद्धा यात फसतो, कारण नवीन साहेबाशी पहिल्याच फोनला वाकडं कोण घेणार.

यावर उपाय साधा आहे. मेसेजमध्ये स्पष्ट लिहा की नवीन साहेब किंवा मी, कुणीच फोनवर ओटीपी, पिन, कार्डाचा नंबर मागणार नाही आणि कुठली फाईल किंवा लिंक पाठवणार नाही, असा फोन आला तर ठेवून द्या आणि शाखेत या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावायचा, शाखा उघडायची वाट बघायची नाही, कारण पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतो आणि तो तिथं फार वेळ राहत नाही. आणि मेसेजमध्ये तुम्ही स्वतः कुठलीही लिंक टाकू नका, बँकेच्या ॲपची सुद्धा नाही. एकीकडं लिंक उघडू नका म्हणायचं आणि खालीच लिंक द्यायची, हे मी भल्या भल्या लोकांचं बघितलंय.

नवीन मॅनेजरचा खासगी नंबर मेसेजमध्ये द्यायचा नाही, त्यांना विचारल्याशिवाय नाव आणि फोटो तर नाहीच. शाखेचा लँडलाईन किंवा बँकेनं शाखेला दिलेला अधिकृत मोबाईल असेल तर तो द्या. मेसेजही शक्यतो त्याच नंबरवरून जाऊ द्या, कारण तुमच्या खासगी नंबरवरून गेला की पुढची दोन वर्षं "साहेब, तेवढं एटीएम बंद करा" असे फोन तुम्हालाच येणार.

ग्रुप काढायचा मोह होतो, तो आवरा. शे-दोनशे खातेदारांचा ग्रुप काढला की प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि कोण कोण या बँकेचा ग्राहक आहे हेही. राष्ट्रीयीकृत बँकांवर १९७० च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातच ग्राहकाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे आणि रुजू होताना आपण सगळ्यांनी तशी सही केलेली असते. कर्जदारांचा वेगळा ग्रुप तर अजिबात नको, गावात कोणाचं कर्ज आहे हे जगजाहीर होतं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. त्याची एक अडचण आहे, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो आणि एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात. चालतंय की, ज्याच्याकडं नंबर सेव्ह नाही त्याला मेसेजची फारशी गरजही नसते, त्याच्यासाठी शाखेत फलकावर एक कागद लावा. बँकेचा लोगो, लेटरहेड यातलं काही वापरायचं नाही, हा तुमचा वैयक्तिक निरोप आहे. आणि प्रत्येक बँकेची सोशल मीडियाची पॉलिसी असते, मजकूर टाकायच्या आधी रिजनल ऑफिसला एकदा विचारून घेतलेलं बरं.

एक भीती आपल्या भागात खास आहे, ती म्हणजे साहेब बदलले की खात्याचं काहीतरी बदलतं. त्याला कारण आहे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली तेव्हा इथल्या लोकांचं पासबुक, चेकबुक, आयएफएससी सगळं बदललं, आणि पाटीवरचं नाव जाऊन इतकी वर्षं झाली तरी म्हातारी माणसं अजून "हैदराबाद बँकेत जाऊन येतो" म्हणतात. नंतर बाकीच्या बँकांचीही विलीनीकरणं झाली. त्यामुळं "खाते नंबर, आयएफएससी, पासबुक, एटीएम काही बदलत नाही" ही ओळ तुम्हाला फालतू वाटली तरी टाका, नाहीतर सोमवारी पेन्शनवाले आजोबा पासबुक घेऊन रांगेत उभे दिसतील.

भावनेचा भाग दोन-तीन ओळींत बसवा, आणि तो तुमच्याच शाखेचा पाहिजे, कुठल्याही शाखेला चिकटवता येईल असा नको. "आपण दिलेल्या प्रेमाबद्दल ऋणी आहे" हे सगळेच लिहितात, ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी खरंच घडलेली एखादी गोष्ट लिहा. सगळ्यांनी बघितलेली पाहिजे, एकाच माणसाची नको, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे शंभर नाराज. आणि नाही म्हटलेल्या कामांचा उल्लेख करायला लाजू नका. तुम्ही काही जणांची कर्जं नाकारली आहेत हे गावाला माहीत आहे, मग मेसेजमध्ये सगळं कसं छान होतं असं लिहिलं तर ते खोटं वाटतं.

हे सगळं धरून मजकूर साधारण असा होतो:

"नमस्कार,
मी उद्या शुक्रवारी संध्याकाळी या शाखेतून मोकळा होतोय, माझी दुसऱ्या जिल्ह्यात बदली झालीय. नवीन शाखा व्यवस्थापक रुजू झालेत, सोमवारपासून ते तुम्हाला केबिनमध्ये भेटतील.

तुमचा खाते नंबर, आयएफएससी, पासबुक, चेकबुक, एटीएम यात काहीही बदल नाही, त्यासाठी शाखेत यायची गरज नाही. पीककर्ज आणि इतर कर्जं भरायच्या तारखा आहेत त्याच आहेत. ज्यांचे अर्ज चालू आहेत त्यांना मी वेगळं कळवलंय, कुणी राहिलं असेल तर अर्जाची पोच घेऊन शाखेत भेटा, फाईल तिथंच आहे.

नवीन साहेबांच्या किंवा माझ्या नावानं फोन करून कुणी ओटीपी, पिन मागितला, केवायसीसाठी फाईल किंवा लिंक पाठवली, तर तो चोर समजा. फोन ठेवा आणि शाखेत या. पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा.

गेल्या सप्टेंबरात नदीला पाणी आलं, रस्ता बंद, तीन दिवस लाईट नाही, तेव्हा शाखेचे कागद वरच्या मजल्यावर न्यायला तुमच्यातलेच लोक आले होते, न बोलावता. ते लक्षात राहील. काही कामं झाली, काही नियमात बसली नाहीत म्हणून नाही म्हणावं लागलं, तरी तुम्ही केबिनमध्ये येऊन चहा पीत राहिलात.

यापुढं खात्याच्या कामाला शाखेच्या नंबरवरच फोन करा, तुमच्या खात्यावर काम करायचा अधिकार मला राहणार नाही. एरवी त्या बाजूला आलात तर जरूर भेटा. लोभ असावा."

यातली पुराची गोष्ट काढून तुमची टाका, बाकी ढाचा तोच राहू द्या. याच्यापेक्षा लांब करू नका. व्हॉट्सॲपवर लांब मेसेज अर्ध्यात कापला जातो आणि "पुढे वाचा" कुणी दाबत नाही, म्हणून कामाचं वर आणि मनातलं खाली ठेवलंय.

ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्याला दिसत नाही त्यांच्यासाठी हेच मिनिटभराच्या आत बोलून व्हॉईस मेसेज करा, खेड्यातल्या बँक मित्रांना पाठवा, त्यांच्या टेबलावर पैसे काढायला आलेल्याला ते ऐकवतात. वाचून दाखवल्यासारखं नको, रोज काउंटरवर बोलता तसं बोला, "मामा, तारीख तेवढी चुकवू नका" असं.

निरोप समारंभाचं मेसेजमध्ये काही लिहू नका. लोकं आपणहून शाल-श्रीफळ घेऊन येतात, फेटा बांधतात, ते घ्यावं, नाही म्हटलं तर वाईट वाटतं. पण तुम्हीच तारीख-वेळ कळवली की ते बोलावणं होतं, आणि ज्याचं कर्ज तुमच्या सहीनं झालंय तो पाकीट घेऊन येतो. पाकीट, घड्याळ, सोन्याचं काही आलं तर तिथल्या तिथं परत, चार माणसांसमोर. सेवाशर्तींत भेटवस्तूंचे नियम आहेत ते निरोपाच्या दिवशी शिथिल होत नाहीत.

आणि आपल्या नवीन शाखेची जाहिरात करायची नाही. "माझ्या नवीन शाखेतही सेवेची संधी द्या" असं लिहिणारे असतात, म्हणजे या शाखेतल्या ठेवी तिकडं चला असा त्याचा अर्थ होतो, येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी खड्डा.

रिलीव्ह झाल्यावरही महिना-दोन महिने फोन येत राहतात. फोन उचला, न उचलणं बरं दिसत नाही, पण उत्तर ठरवून ठेवा, "फाईल शाखेत आहे, नवीन साहेबांना भेटा, मी त्यांना फोन करणार नाही". हे शेवटचं वाक्य कडू आहे पण एकदा तुम्ही एकासाठी फोन केला की दहा जण तुमच्यामार्फत शाखा चालवायला लागतात. जुन्या मॅनेजरचे फोन नवीन माणसाला किती खुपतात ते तुम्ही स्वतः रुजू झालात तेव्हा अनुभवलंच असेल.

जायच्या आधी अजून एक, शाखेच्या फलकावर, बँक मित्रांच्या भिंतीवर, बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांच्या डायरीत आणि गुगलवरच्या शाखेच्या नोंदीत कुठं कुठं तुमचा खासगी नंबर चिकटवलेला आहे ते शुक्रवारच्या आत शिपायाला घेऊन एकदा बघून या आणि तिथं शाखेचा नंबर टाकायला लावा.